डोंगरापासून दारापर्यंत

"माझं नाव शेवटच्या कडव्यात आलं पायजे," बापूकाका म्हणाले आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले.

मी तेव्हा नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होते. लग्नं तेवढी माझ्याकडे नव्हती, ती मी फावल्या वेळात करायचे. म्हणजे मंगलाष्टकं लिहून द्यायचे आणि माइकवर म्हणायचे. वडील हेच करायचे. ते गेल्यावर लोक सवयीने आमच्याच घरी येत राहिले आणि मीही सवयीने लिहीत राहिले. माझं स्वतःचं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे या कामाकडे मला शांतपणे बघता यायचं.

"शेवटच्याच का?" मी विचारलं.

"आधीची कडवी कोण ऐकतंय? तवर माणसं चपला कुठं ठेवाव्यात हेच बघत असत्यात. शेवटचं ध्यानात ऱ्हातंय."

यात त्यांचं चुकत नव्हतं. बापूकाका आमच्या गल्लीतले, तेलाच्या घाण्याचे मालक, आणि लग्न होतं त्यांच्या पुतणीचं, सुनेत्राचं. तिचे वडील ती लहान असतानाच वारले. कन्यादान काका-काकूच करणार होते.

"काका," मी म्हणाले, "शेवटच्या कडव्यात जागा फार लहान असते. तुम्ही मावणार नाही."

"म्हंजे?"

"सिनेमात कसं, आधी डोंगर दिसतो, मग गाव, मग गल्ली, मग दार, आणि मग दारातल्या बाईच्या कपाळावरचा घाम. माझी मंगलाष्टकं तशी उतरतात. वर मोठ्या गोष्टी, खाली बारीक. घामापाशी तुम्हाला घाण्यासकट उभं केलं तर काय दिसेल?"

बापूकाकांनी विचार केला. "मग डोंगरापाशी घ्या."

"डोंगरापाशी नाही, मांडवात घेते. तिसऱ्या कडव्यात. तिथे गर्दी असते, माणसं शोभतात."

"बरं. पर एकट्याचंच घ्या. बाकीच्यांची नावं सुरू झाली की संपत न्हाईत."

ते निघून गेले आणि मी एक मृत्यू नोंदवला.

ही उतरायची रीत माझ्या वडिलांची नव्हती. ते पाचही कडव्यांत देव, नद्या, दोन्हीकडचे आजोबा आणि आशीर्वाद असं सगळं सारखं वाटून टाकायचे, जेवणावळीत वाढतात तसं. ऐकणाऱ्याला काही दिसायचं नाही, फक्त वाढून झालं हे कळायचं. मला दिसायला हवं होतं. म्हणून मी पहिल्या कडव्यात लांब उभी राहायचे आणि प्रत्येक कडव्यात थोडी जवळ यायचे. शेवटी नवरीच्या मेंदीपाशी किंवा नवऱ्याच्या मुंडावळीपाशी थांबायचं. आमच्या येरळा नदीला वर्षातले आठ महिने पाणी नसतं, पण माझ्या पहिल्या कडव्यात ती कायम भरून वाहायची. त्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनेत्रा घरी आली. पंचवीस वर्षांची, बालवाडीत शिकवायची, बोलायची कमी. आल्या आल्या तिने स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच पाणी घेतलं आणि माझ्यासमोर बसली.

"हेमाताई, मंगलाष्टकं कुठं संपवणार?"

"तुझ्या मेंदीवर. नेहमीसारखी."

"माझ्यावर नगं. आईवर संपवा."

इंदूकाकू, तिची आई. नवरा गेल्यावर शिवणयंत्रावर मुलगी मोठी केली. गल्लीतल्या प्रत्येक घरात तिने शिवलेलं काहीतरी होतं, माझ्या अंगावरचा ब्लाउजसुद्धा. लग्नाची सगळी तयारीही तिचीच चालली होती, रुखवतापासून पापडांपर्यंत.

"आई मांडवात कुठे असणार?" मी विचारलं.

"मांडवात नसणारच. मागच्या दारात, स्वयंपाकघराच्या. काकांनी सांगितलंय, वैनी मुहूर्ताला आत बसतील. तासगावच्या आत्याबाई जुन्या वळणाच्या हाईत म्हणं, विधवा बाई अक्षता टाकायला पुढं आली तर बोभाटा करतील."

तासगावच्या आत्याबाई म्हणजे नवऱ्या मुलाची, शशिकांतची आत्या. सोयरीक जुळवणारी तीच.

"मी काकांना दोनदा सांगितलं. मी म्हणलं, मला मोठं केलं तिनं आणि अक्षता टाकणार तासगावचा बँडवाला? काका म्हणाले, लग्न मोडल्यावर अक्षतांचा काय भात करून खाणार हाईस?"

"आणि आई काय म्हणते?"

"ती म्हणती, मी दारातनंच टाकीन, पोचल्या म्हणायच्या." सुनेत्राने पेला खाली ठेवला. "मधी पाचशे माणसं. त्या पोचणार हाईत व्हय? मला भिंतीवरच्या फोटोवानी लांबनं तिचा आशीर्वाद नगं. तिच्या हातच्या अक्षता माझ्या डोक्यावर पडल्या पायजेत. न्हाई पडल्या तर मला ते लग्न लागलंच न्हाई असं वाटंल."

"मी काय करू? मी नुसतं म्हणणार."

"तुमी म्हणता तिकडं लोक बघत्यात. शोभाच्या लग्नात तुमी नवऱ्याच्या शेल्याला पडलेल्या पिळाबद्दल म्हणालात, तवा सगळ्यांनी शेला बघितला. एका म्हातारीनं तर उठून पीळ काढला."

हे खरं होतं. मी त्याबद्दल अभिमान बाळगून होते.

"बघितलं तर काय होईल?"

"म्हाईत न्हाई. पर कुणी बघितलंच न्हाई तर काय व्हनार न्हाई एवढं म्हाईत हाय."

"आईला विचारलंस?"

"विचारलं तर न्हाई म्हणंल."

मी तिला स्पष्ट सांगितलं की माझ्या हातात फक्त नजर आहे. लोकांची नजर मी त्या दारापर्यंत नेऊन सोडीन. पुढे पाऊल टाकायचं की दार लावून घ्यायचं, हे इंदूकाकूने ठरवायचं. सुनेत्रा हो म्हणाली. मग उठता उठता म्हणाली, "आणि बिचारी म्हणू नका. माउली पण नगं. माउली म्हणलं की लोक डोळं मिटत्यात."

लिहायला बसले तेव्हा हे काम सोपं वाटलं होतं. पहिली ओळ चटकन आली:

*मागे डोंगर हे निळे, पसरली खाली नदीची कुशी*

डोंगर, मग नदी. दुसऱ्या कडव्यात नदीवरून गावात, गावातून गल्लीत, गल्लीतून मांडवाच्या तोरणापर्यंत. माझी युक्ती अशी होती की प्रत्येक कडव्याच्या शेवटी जी वस्तू ठेवायची, तीच पुढच्या कडव्याच्या सुरुवातीला उचलायची. पहिलं नदीवर संपलं तर दुसरं नदीवर सुरू. ऐकणाऱ्याचा पाय अधांतरी राहत नाही. एका पायरीवर दोन्ही पाय टेकल्याशिवाय पुढची पायरी दाखवायची नाही. आणि एकदा उतरायला लागलं की परत वर बघायचं नाही. मधेच एखादा सूर्य घातला की सगळे मान वर करतात आणि खालचं हरवतं.

तिसऱ्या कडव्यात मांडव, गर्दी, आणि कबूल केल्याप्रमाणे काका:

*बापूराव उभे तिथे हसुनिया साऱ्या जनांच्यासवे*

हे मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी कवा हसतोय?" मी म्हणाले, लग्नात हसा. ते म्हणाले, बघतो.

इथपर्यंत ठीक. चौथ्यात अंतरपाट धरलेला, पलीकडे नवरा, अलीकडे नवरी. आणि पाचव्यात मी सरळ मुठीवर गेले. मिटलेली मूठ, मुठीत अक्षता, अक्षता टाकायच्या राहिल्या आहेत. मला फार आवडलं. सुनेत्राला बोलावलं आणि म्हणून दाखवलं. नुसतं वाचून नाही, चालीवर, कारण कागदावर सगळंच बरं दिसतं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "कुणाची मूठ?"

"आईची."

"हे तुमाला आणि मला म्हाईत. मांडवात परत्येकाचीच मूठ मिटल्याली असती, ताई. सगळ्यांच्या हातात अक्षता. तुमी मूठ म्हणलं की परत्येक जण आपापल्या मुठीकडं बघणार."

मी कागद परत हातात घेतला. शेकडो मांडवांत मंगलाष्टकं म्हटली होती आणि मुठी माझ्या लक्षात आल्या नव्हत्या. बारीक गोष्ट दाखवायची घाई झाली की हे होतं. बारीक गोष्ट जगात एकटी कधीच नसते, तिच्यासारख्या पाचशे असतात. ती कुठे आहे हे आधी सांगावं लागतं. मूठ दाखवायच्या आधी दार दाखवायला हवं होतं, आणि दाराच्या आधी दाराकडे जायची वाट.

म्हणून मी चौथं कडवं मोडलं. अंतरपाट दोन ओळींत आटोपला. मग गर्दीच्या कडेकडेने, मागे, जिथून वरणाच्या फोडणीचा वास येतो, तिथे नजर नेली, आणि कडवं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर संपवलं. पाचवं उंबऱ्यावर सुरू झालं, पायांवरून वर गेलं आणि मुठीपाशी थांबलं. विशेषणं काढून टाकली. वर डोंगर निळे, नदी विस्तीर्ण, गर्दी अपार, हे सगळं शोभतं. खाली एक उंबरा, दोन पावलं, एक मूठ. तिथे 'प्रेमळ' किंवा 'थरथरती' असं काही लावलं की ऐकणारा मुठीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागतो. नावही घातलं नाही. 'इंदुमती' म्हटलं असतं तर अर्धा मांडव शेजाऱ्याला विचारत बसला असता, कोण इंदुमती?

सुनेत्राने पुन्हा ऐकलं. या वेळी ऐकता ऐकता तिची मान आमच्या घराच्या मागच्या दाराकडे वळली, जिथे कुणीच नव्हतं. मला तेवढं पुरे होतं.

लग्न दुपारच्या मुहूर्ताचं होतं. घरापुढच्या रस्त्यावर मांडव घातला होता. मांडवाच्या एका टोकाला बोहलं आणि दुसऱ्या टोकाला घराची बाजूची भिंत. त्या भिंतीत स्वयंपाकघराचं दार, ज्याला घरात सगळे मागचं दार म्हणायचे. मी बोहल्याच्या शेजारी माइकपाशी उभी राहिले आणि आधी ते दार तपासलं. ते अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून इंदूकाकूच्या करड्या लुगड्याचा काठ दिसत होता. सकाळी सुनेत्राने स्वतः जाऊन तिच्या हातात अक्षता दिल्या होत्या, हे तिने मला खुणेने सांगितलं.

भटजींनी आणि बापूकाकांच्या मेहुण्याने अंतरपाट धरला. शशिकांत पलीकडे, सुनेत्रा अलीकडे. तिच्या अंगावर पांढरी-पिवळी अष्टपुत्री साडी होती. लोक उठून उभे राहिले. भटजींचं एक संस्कृत कडवं झालं आणि त्यांनी मला मान हलवून खूण केली.

डोंगर म्हटला तेव्हा कुणी ऐकत नव्हतं. बापूकाका म्हणाले होते तसं, लोक चपलांचा विचार करत होते. नदीवर दोन-चार म्हाताऱ्या शांत झाल्या. गल्ली म्हटली तेव्हा आमच्या गल्लीतल्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं, कारण ती त्यांचीच होती. तिसऱ्यात बापूकाकांचं नाव आलं. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी प्रामाणिकपणे हसायचा प्रयत्न केला. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'सावधान' झालं की लोक चार-चार दाणे टाकत होते. अनुभवी माणसं मोठा वाटा शेवटच्यासाठी राखून ठेवतात.

चौथं कडवं मी हळू म्हटलं. अंतरपाट. गर्दी. गर्दीची कड. फोडणीचा वास. मागच्या रांगेतल्या बायकांनी मान वळवली, कारण वास त्यांना खरोखरच येत होता. मग त्यांच्या पुढच्यांनी, मागचे कुठे बघतात ते बघायला. उंबऱ्यावर मी थांबले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं कडवं होतं ते. आता एकच पायरी राहिली होती.

"थांबा हं," कुणीतरी म्हणालं आणि माझ्या हातातला माइक गेला.

तासगावच्या आत्याबाई होत्या. हिरवी पैठणी, नाकात मोठी नथ, आवाज भरदार. "एक आमच्याकडचं होऊ द्या. मुलाकडच्यांचं एक तरी पायजे की!"

त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. मुलाकडच्यांनी माइक मागितला तर तो द्यायचाच असतो. भटजींनी घड्याळाकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

आत्याबाईंनी एक नेहमीचं संस्कृत कडवं लावलं, ज्यात देशातल्या बहुतेक नद्या येतात, पहिलीच गंगा. गळा चांगला होता, हे मला मान्य करायला हवं. पण इकडे मी पाचशे माणसं डोंगरावरून एकेक पायरी उतरवत उंबऱ्यापर्यंत आणली होती आणि ही बाई त्यांना उचलून थेट गंगोत्रीला घेऊन गेली. मागच्या रांगेतल्या बायकांच्या माना पुन्हा पुढे आल्या. एक जण हात जोडून उभा राहिला. गंगा आली की आमच्याकडे हात जुळतात.

दाराची फट आणखी बारीक झालेली मला दिसली.

"सावधान!" अक्षता पडल्या. आत्याबाईंनी माइक माझ्या हातात दिला आणि माझ्या शेजारीच उभ्या राहिल्या.

"आता एकच घ्या," भटजी पुटपुटले. "मुहूर्त निसटतोय."

माझं पाचवं कडवं उंबऱ्यावर सुरू होत होतं. ते आता म्हटलं असतं तर कुणाला उंबराच सापडला नसता. लोक हिमालयात होते. त्यांना तिथून आणायचं आणि मुठीपाशी पोचवायचं, ते सगळं चार ओळींत. चारही पूर्ण नाहीत, कारण शेवटची अर्धी ओळ 'कुर्यात् सदा मंगलम्'ला द्यावी लागते. सुनेत्रा अंतरपाटाकडे बघत उभी होती. तिने मान वळवली नाही, पण तिचा खालचा ओठ दातांखाली गेलेला मला दिसला. मला आत्याबाईंचा इतका राग आला होता की त्या रागातच मी माइक तोंडापाशी नेला. आत्याबाईंची गंगा आता मांडवात आलीच होती, ती हाकलून देता येणार नव्हती. म्हणून मी तिच्यापासूनच सुरुवात केली.

*गंगा दूर असो, इथे नदि उभी वाळूत थोडी तरी,*

आयुष्यात पहिल्यांदाच मी येरळेचं खरं वर्णन केलं. दोघंतिघं हसले. हसले म्हणजे परत आले. भूगोल एका ओळीत आटोपला होता.

*काठाला घर, आणि त्या घरपुढे दाटी किती मांडवी,*

यमक जुळलं नाही. ते बघायला वेळ नव्हता. नदीचा काठ घराला दिला होता, घर मांडवाला आणि मांडव दाटीला. आता दाटीला धरून पलीकडे जायचं होतं. चौथ्या कडव्यात जी वाट मी फोडणीच्या वासाने आखली होती, तिला इथे अर्धी ओळसुद्धा नव्हती. मी मान वर केली आणि ज्या दाराबद्दल म्हणायचं, त्याच्याकडेच सरळ बघत म्हटलं.

*दाटीच्या मधुनी दिसे उघडले ते दार मागील जे,*

दार उघडलेलं नव्हतं, लोटलेलं होतं. पण पाचशे माणसं एकदम मागे वळली. पुढच्या रांगेतले पाहुणेसुद्धा, बँडवालेसुद्धा. आणि कशामुळे कुणास ठाऊक, फट बंद व्हायच्या ऐवजी रुंद झाली. नंतर इंदूकाकू म्हणाली, मला वाटलं कुणाला तरी पाणी पायजे. दारात ती उभी होती, करडं लुगडं, डोक्यावर पदर, उजवा हात छातीपाशी.

*दारी मूठ असे मिटून अडली. कुर्यात् सदा मंगलम्!*

आता मूठ कुणाची, हे सांगावं लागलं नाही. सगळा मांडव त्या एका मुठीकडे बघत होता. कढईतली फोडणी ऐकू येत होती.

आणि भटजी, ज्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं, खणखणीत आवाजात ओरडले, "शुभमंगल सावधान!"

अंतरपाट खाली आला. लोकांचे हात आपोआप वर गेले. शेवटचं कडवं, राखून ठेवलेला मोठा वाटा. आणि जिकडे तोंड होतं तिकडेच त्यांनी तो टाकला.

पाचशे माणसांच्या अक्षता इंदूकाकूवर पडल्या. पदरावर, खांद्यांवर, उंबऱ्यावर. मागच्या रांगेतल्या बायका तिच्या अगदी जवळ होत्या, त्यांनी तर ओंजळीने टाकल्या. ती डोळे मिटून उभी राहिली. तिला वाटलं असणार की आपल्याला कुणीतरी काहीतरी फेकून मारतंय.

"अवो, हिकडं! हिकडं!" बापूकाका ओरडले. पण तोवर सगळ्यांचे हात रिकामे झाले होते. बोहल्यावर सुनेत्रा आणि शशिकांत हार हातात घेऊन उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर शेवटच्या कडव्याचा एक दाणा पडला नव्हता. शशिकांत मागे वळून सगळे कुठे बघतात ते बघत होता.

"अक्षता आणा," भटजी म्हणाले. कुणीतरी ताट आणलं. ताट रिकामं होतं.

बापूकाकांनी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा तेलाच्या घाण्यात पाणी शिरल्यासारखा झाला होता. आत्याबाई हातातलं कुंकू रुमालाला पुसत हिशेब करत होत्या. मुहूर्तावर नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता न पडणं हा अपशकुन. विधवेने अक्षता टाकणं हाही अपशकुन. दोन्हींपैकी कोणता मोठा, एवढंच ठरायचं होतं.

"सगळ्यांच्या संपल्या?" त्यांनी मला विचारलं.

"एक मूठ शिल्लक आहे," मी म्हणाले. माइक अजून माझ्या तोंडापाशीच होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

आत्याबाईंनी दाराकडे बघितलं. मग भटजींकडे.

"अडीच मिनिटं उरलीत," भटजी म्हणाले. "धर्मशास्त्र नंतर बघू."

"मग उभ्या काय ऱ्हायल्यात त्या?" आत्याबाई एकदम गरजल्या. "या म्हणावं लवकर! आमच्या पोराचं लग्न अर्धं टाकता व्हय?"

मी इंदूकाकूकडे बघितलं. माझं काम संपलं होतं. ती उंबऱ्यातच उभी होती आणि मला वाटलं, आता ती आत जाणार. तिने एकदा मागे, चुलीकडे बघितलंही. मग अंगावरचे तांदूळ न झटकताच ती निघाली. मधली माणसं बाजूला सरकली. चालताना तिच्या पदरावरून दाणे गळत होते. बापूकाकांजवळून जाताना ती थांबली नाही. त्यांनीच मान खाली घातली आणि तिला वाट दिली.

बोहल्यापाशी आल्यावर तिने लेकीच्या डोक्यावर हात नेला आणि मूठ उघडली.

काहीच पडलं नाही.

सकाळपासून तिने ती मूठ सोडली नव्हती. घामाने अक्षता चिंब झाल्या होत्या आणि तळव्याला चिकटून बसल्या होत्या. तिने हात हलवला, तरी एक दाणा सुटला नाही. मी अगदी शेजारी होते, म्हणून मला दिसलं. अक्षतांचं कुंकू विरघळून तिचा सगळा तळवा लाल झाला होता, रेघांरेघांतून, बोटांच्या पेरांपर्यंत. नवरा गेल्यापासून त्या हाताला कुंकू लागलं नव्हतं. मी मुठीपर्यंतच पोचले होते. मुठीच्या आत काय असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला रडू आलं. माइक चालूच होता, त्यामुळे तेही सगळ्यांनी ऐकलं.

इंदूकाकूने दुसऱ्या हाताने तळव्यावरचे दाणे एकेक सोडवले आणि सुनेत्राच्या केसांत टाकले. मग शशिकांतच्या. तो तिच्यासाठी थोडा वाकला. दाणे संपल्यावर तिला हात कुठे पुसावा ते कळेना. लुगड्याला पुसायला ती कचरली आणि हात तसाच लांब धरून मागे सरायला लागली. सुनेत्राने हार डाव्या हातात घेतला, उजव्या हाताने आईचं मनगट पकडलं आणि तिला जवळ ओढलं.

"सोड, सुने," इंदूकाकू दबक्या आवाजात म्हणाली. "नवी साडी हाय. लाल लागंल."

"लागू दे," सुनेत्रा म्हणाली आणि तो तळवा तिने आपल्या खांद्यावर दाबून धरला.